एक हजार चोवीस चौकोनांतले आजोबा

गेममध्ये एखादं पात्र बोलू लागलं की संवादाच्या चौकटीत त्याच्या नावाशेजारी एक छोटासा चेहरा दिसतो. असा चेहरा पिक्सेल आर्टमध्ये काढायला बसलं, की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: या चेहऱ्याच्या एका डोळ्याला किती चौकोन मिळणार आहेत? डोळ्याला एकच चौकोन मिळाला तर पात्र फक्त ‘आहे’ एवढंच कळतं. दोन-तीन मिळाले की ते कुणाकडे तरी बघू लागतं. ग्रिड केवढी, रंग किती आणि कडा कशी, हे तिन्ही निर्णय या हिशेबातून निघतात. ते एकाच उदाहरणावर नीट दिसतात, म्हणून एकच उदाहरण घेते.

माझी भाची कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक छोटा गेम बनवते आहे. गावातलं किराणा दुकान, येणारी-जाणारी माणसं, उधारीची वही. दुकानदार म्हणून तिला तिचे आजोबा हवे होते. पांढरी टोपी, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, भरघोस पांढरी मिशी, कपाळावर गंध, सावळा वर्ण. पिक्सेल आर्टच्या दृष्टीने असा चेहरा मिळणं भाग्याचं, कारण ओळख पटवणाऱ्या गोष्टी मोठ्या आकाराच्या आहेत. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांनी मारिओला टोपी आणि मिशी दिली ती याच गरजेतून. एवढ्याशा आकृतीत केस काढणं अवघड होतं म्हणून टोपी, आणि तोंड काढायला जागा नव्हती म्हणून मिशी. आजोबांकडे दोन्ही आयतंच होतं.

भाचीने सुरुवात सगळे करतात तशीच केली. फोटोतून चेहऱ्याचा ८०० बाय ८०० पिक्सेलचा चौकोन कापला आणि तो थेट ३२ बाय ३२ वर आणला. जे आलं त्यात आजोबा नव्हते, तपकिरी धुकं होतं. चष्मा कुठे संपतो आणि भुवई कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. “मावशी, फोटो तर इतका स्पष्ट आहे,” ती म्हणाली.

याचं कारण साध्या भागाकारात आहे. ८०० भागिले ३२ म्हणजे २५. नव्या चित्रातला प्रत्येक चौकोन हा जुन्या फोटोतल्या २५ बाय २५ पिक्सेलची सरासरी असतो. फोटोत चष्म्याच्या फ्रेमची जाडी साधारण ८ पिक्सेल होती. म्हणजे एका चौकोनात एक तृतीयांश काळी फ्रेम आणि दोन तृतीयांश कातडी, आणि दोघांची सरासरी म्हणजे मातकट तपकिरी. फ्रेम दोन चौकोनांच्या सीमेवर आली तर ती आणखी पातळ होऊन दोन्हीकडे वाटली जाते. चष्मा काळा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, पण सरासरीला ते ठाऊक नसतं.

तरीही हा लहान केलेला फोटो टाकून देऊ नये. १९७३ साली बेल लॅब्जमधले लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांचा चेहरा तीनशेहूनही कमी करड्या ठोकळ्यांत मांडला होता. जवळून पाहिलं तर नुसते ठोकळे दिसतात. लांब गेलं किंवा डोळे किलकिले केले की लिंकन समोर उभे राहतात. चेहऱ्याची ओळख उजेड-सावलीच्या ढोबळ मांडणीत असते, पण जवळून बघताना ठोकळ्यांच्या तीक्ष्ण कडा मध्ये येतात आणि ती मांडणी झाकून टाकतात, असा त्याचा अर्थ. आपल्याला यातून कामाची गोष्ट मिळते ती अशी, की लहान केलेला फोटो डोळ्यांची जागा, कपाळाची उंची आणि सावलीची बाजू बरोबर सांगतो, पण चष्म्याची रेघ आणि मिशीची धार सांगत नाही. म्हणून तो सगळ्यात खालच्या लेयरवर फिका करून ठेवायचा, आणि वरच्या कोऱ्या लेयरवर एकेक चौकोन हाताने भरायचा. दोसुतीच्या कापडावर धागे मोजून फुली टाके घातलेल्या कुणालाही हे काम परकं वाटणार नाही.

आता ग्रिड. आकडा निवडण्याआधी चेहरा पडद्यावर केवढा दिसणार ते पाहावं लागतं. भाचीचा गेम ३२० बाय १८० पिक्सेलवर रचलेला आहे. पिक्सेल आर्टच्या गेममध्ये हा आकार बराच वापरला जातो, कारण तो बरोबर सहापट केला की १९२० बाय १०८० हा फुल एचडी पडदा पुरा भरतो. त्या हिशेबाने ३२ चौकोनांचा चेहरा पडद्यावर १९२ पिक्सेलचा होतो. संवादाच्या चौकटीत तो छान बसतो आणि शेजारी मजकुराला जागा उरते. ६४ चा चेहरा घेतला तर तो १८० ओळींपैकी ६४ ओळी अडवतो, म्हणजे पडद्याची एक तृतीयांशाहून जास्त उंची. ‘स्टारड्यू व्हॅली’मधले संवादातले चेहरे ६४ बाय ६४ चे आहेत आणि तिथे ते शोभतात, कारण त्या गेमची संवादाची चौकटच तेवढी मोठी आहे. उलट ‘माइनक्राफ्ट’मधल्या पात्राचा चेहरा समोरून अवघा ८ बाय ८ असतो. तिथे लोक चेहऱ्यापेक्षा कपड्यांवरून ओळखले जातात.

मोठी ग्रिड काढून गेममध्ये ती लहान करून दाखवायची, असं काही जण करतात. मग चेहऱ्यातला चौकोन एका मापाचा आणि मागच्या दुकानातला दुसऱ्याच मापाचा दिसतो. काहीतरी बिनसलंय हे खेळणाऱ्याला लगेच जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. एका पडद्यावर पिक्सेलचा आकार एकच असावा, हा नियम मी तरी मोडत नाही.

मग १६, २४ की ३२? इथे चष्म्याने निकाल दिला. १६ च्या ग्रिडमध्ये चेहऱ्याला रुंदीचे सुमारे ८ चौकोन मिळतात. चष्म्याची एक काच फ्रेमसकट ३ चौकोनांची, मध्ये २ चौकोनांचा पूल आणि पुन्हा ३: झाले ८. चेहरा संपला, कानाकडे जाणारी काडी दाखवायलाही जागा नाही, आणि काचेच्या आत डोळ्याला एकच चौकोन. नकाशावरच्या खुणेसाठी हे चालेल. २४ मध्ये चेहरा १२ चा, काच ५ ची, आत ३ चौकोन मोकळे. इथे आजोबा ओळखू येतात. २०१७ मध्ये आलेले ‘क्रिप्टोपंक्स’चे दहा हजार चेहरे २४ बाय २४ चेच आहेत. पण हावभाव बदलायला तिथे वाव कमी पडतो, आणि भाचीला उधारी मागणारे आजोबा आणि हसणारे आजोबा असे दोन्ही हवे होते. म्हणून ३२. पहिल्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी १९८४ पूर्वी जी चिन्हं काढली, तीही ३२ बाय ३२ चौकोनांचीच होती. त्यांनी कामाची सुरुवात आलेखाच्या वहीतले चौकोन भरून केली होती, आणि स्टीव्ह जॉब्सचा चेहराही त्यांनी याच मापात काढला, तोही फक्त काळ्या-पांढऱ्यात.

३२ बाय ३२ म्हणजे १०२४ चौकोन. ऐकायला पुष्कळ वाटतात, वाटून दिले की संपतात. वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडल्या. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत टोपी. दहा ते बारा कपाळ. तेराव्या ओळीत भुवया. चौदा ते सतरा चष्मा. एकोणिसाव्या ओळीपर्यंत नाक. वीस ते बावीस मिशी. तेविसाव्यात खालचा ओठ, मग सव्विसाव्यापर्यंत हनुवटी, आणि उरलेल्यात मान-खांदे. खऱ्या माणसाच्या डोक्यात डोळे साधारण उंचीच्या मध्यावर असतात. इथे टोपीमुळे ते थोडे खाली गेल्यासारखे वाटतात, ते बरोबर आहे. नवशिके हटकून डोळे वर सरकवतात, मग टोपीला जागा उरत नाही आणि ती कपाळावर चिकटवलेल्या पट्टीसारखी दिसते.

ग्रिड सम आकड्याची आहे, ही गोष्ट इथे आडवी येते. ३२ चा मध्य दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर पडतो, त्यामुळे एका चौकोनाचं नाक बरोबर मध्यावर ठेवताच येत नाही. नाक दोन चौकोनांचं करून चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा ठेवता येतो, पण मग पासपोर्टवरच्या फोटोसारखा ताठ चेहरा होतो. शिवाय गांधी टोपी समोरून पाहिली तर तिचा अरुंद उभा आकार तेवढा दिसतो. तिची ओळख पटते ती बाजूच्या उतारावरून. म्हणून आजोबांना किंचित उजवीकडे वळवलं. चेहरा १५ चौकोन रुंद. जवळची काच फ्रेमसकट ६ ची, पूल २ चा, लांबची काच ५ ची, मिळून १३, आणि दोन्हीकडे एकेक चौकोन काडीसाठी. काचेची उंची चार ओळी, त्यातल्या वरची आणि खालची फ्रेमची. म्हणजे जवळच्या डोळ्याला आत चार बाय दोन इतकी जागा मिळाली. त्यात उभे दोन गडद चौकोन म्हणजे बुबुळ, आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक फिका चौकोन म्हणजे चमक. बुबुळ एक चौकोन डावीकडे सरकवलं की आजोबा गल्ल्याकडे बघतात, उजवीकडे सरकवलं की गिऱ्हाइकाकडे.

हावभावही असेच चौकोनाने मोजले जातात. मिशीची दोन्ही टोकं एक ओळ वर उचलली आणि जवळच्या काचेत डोळ्याखाली कातडीच्या रंगाचा एक चौकोन वाढवला, की आजोबा हसतात. भुवयांची आतली टोकं एक ओळ खाली आणली की उधारी आठवते. तोंड एकदाही उघडावं लागत नाही.

आता रंगांची मर्यादा. जुन्या यंत्रांवर ही मर्यादा सक्तीची होती. निन्टेन्डोच्या आठ बिटच्या यंत्रावर हलणाऱ्या आकृतीच्या एका तुकड्याला तीन रंग आणि चौथा पारदर्शक, एवढंच मिळे. गेम बॉयवर तर फक्त चार छटा. आज तशी सक्ती नाही, तरीही मर्यादा घालून घ्यायची, आणि त्याचं कारण १०२४ या आकड्यातच आहे. बारा रंग घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ८५ चौकोन येतात. तीस रंग घेतले तर काही रंग दोन-तीन चौकोनांपुरते उरतात, आणि असा सुटा चौकोन डोळ्याला तपशील म्हणून दिसत नाही, डाग म्हणून दिसतो. दुसरा फायदा कामातला आहे. Aseprite किंवा GIMP मध्ये चित्राचा रंगप्रकार `Indexed` ठेवला तर प्रत्येक चौकोन रंगाऐवजी पॅलेटमधल्या घराचा क्रमांक लक्षात ठेवतो. त्या घरातला रंग बदलला की चित्रात तो असेल तिथे आपोआप बदलतो.

बारा घरं अशी वाटली: कडेला एक, कातडीला चार, टोपी आणि मिशी यांना मिळून तीन, बंडीला दोन, ओठ-कानाला एक, गंधाला एक. टोपी आणि मिशी दोन्ही पांढऱ्या आहेत, तर त्यांना वेगळे पांढरे कशाला द्यायचे? रंग वाचवण्याची पहिली जागा हीच. डोळ्याचा पांढरा भागही त्यातल्या मधल्या करड्याचा आहे. शुभ्र पांढरा दिला असता तर डोळे बटबटीत झाले असते. गंधाला दोनच चौकोन मिळाले, तरी तो रंग वसूल झाला, कारण कपाळावर दुसरं काहीच नाही आणि नजर तिथे जायलाच हवी.

सगळ्यात जास्त वेळ कातडीला द्यावा लागला. तयार पॅलेट पुष्कळ मिळतात, पण सावळ्या-गव्हाळ वर्णासाठी त्यांतल्या अनेक तोकड्या पडतात. उदाहरणार्थ PICO-8 ची सोळा रंगांची प्रसिद्ध पॅलेट घ्या. तिच्यात `#FFCCAA` हा फिकट पीच आहे आणि `#AB5236` हा गडद तपकिरी. या दोघांच्या मध्ये कातडीला शोभेल असा रंगच नाही. आपली बहुतेक माणसं नेमकी तिथे बसतात. म्हणून कातडीच्या चार छटा स्वतः बनवल्या, गडद ते फिक्या:

```
#5A2E3A
#8F5140
#BD7B4F
#E0AC72
```

एकाच तपकिरी रंगात काळा किंवा पांढरा मिसळून या छटा केलेल्या नाहीत. सावली जांभळट लालसर आहे, मधल्या छटा तांबूस आणि उजेडातली पिवळसर. काळा मिसळून केलेली सावली चेहऱ्यावर काजळी लागल्यासारखी दिसते. छटेबरोबर रंगही सरकवला तर कातडी जिवंत वाटते. आणि उजेडाच्या मापाने पाहिलं तर ० ते २५५ च्या पट्टीवर या चार छटा साधारण ६०, ९८, १३८ आणि १८१ वर येतात. दोन छटांमध्ये सारखं अंतर आहे, त्यामुळे गाल गोल दिसतो. हे अंतर कुठे कमी, कुठे जास्त झालं तर गालावर पट्टे उमटतात.

उजेडाचं माप तपासायची सोपी युक्ती म्हणजे चित्राची प्रत करून ती करड्या छटांत बदलायची. आमची मिशी तिथेच पकडली गेली. मिशीचा मधला करडा `#B9B4B8` होता आणि तिच्यावरचा गाल कातडीच्या सर्वांत उजळ छटेत. रंगीत चित्रात करडी मिशी आणि पिवळसर गाल वेगळे दिसत होते. करड्यात पाहिलं तर दोन्ही १८१-१८२ च्या आसपास, आणि मिशी गालात पार विरघळलेली. रंग वेगळा असला तरी उजेड सारखा असेल तर लहान चित्रात सीमा हरवते, कारण एवढ्या छोट्या आकारात डोळा रंगाआधी उजेड वाचतो. उपाय दोन चौकोनी ओळींचा होता: मिशीची वरची ओळ `#F2EBDD` या जवळजवळ पांढऱ्यात आणि तिला लागून असलेला गाल एक छटा खाली, `#BD7B4F` मध्ये. मिशी लगेच पुढे आली. नवा रंग एकही लागला नाही.

आता कडा, म्हणजे आउटलाइन. चित्र स्वतः काढत असाल तर कडा नजरेने ठरते. दुसऱ्याकडून काढून घेत असाल तर ती शब्दांत सांगावी लागते, आणि बहुतेक कामं तिथेच बिघडतात. आजोबा झाल्यावर गावातली बाकीची माणसं भाचीच्या एका मैत्रिणीने काढायची ठरलं. भाचीने तिला आजोबांचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, “अशीच स्टाइल, काळी आउटलाइन हवी.” मैत्रिणीने सांगितलं तसं अगदी प्रामाणिकपणे केलं. दळण टाकायला येणाऱ्या काकूंना शुद्ध काळी कडा आली, नाकाला आली, जबड्याला आली, ओठांभोवतीही आली. शिवाय कडा आकृतीच्या बाहेरून एक चौकोन वाढवून काढल्यामुळे अंबाडा आणि खांदे ३२ च्या बाहेर जाऊन कापले गेले. दोष मैत्रिणीचा नव्हता, कारण ‘काळी आउटलाइन’ या दोन शब्दांत निदान चार प्रश्न अनुत्तरित राहतात: कुठे, किती जाड, कोणत्या रंगाची आणि कुठे तोडायची.

‘कुठे’ याचे दोन भाग आहेत. आकृतीची बाहेरची कडा वेगळी आणि चेहऱ्याच्या आतल्या रेषा वेगळ्या. १५ चौकोनांच्या चेहऱ्यात नाकाला दोन्ही बाजूंनी रेघ दिली तर नाकासाठीच चार-पाच चौकोन जातात आणि चेहरा जाळीदार दिसू लागतो. आतले आकार छटांच्या फरकाने दाखवायचे, रेघ फक्त चष्म्यासारख्या खरोखर रेघ असलेल्या वस्तूला. दुसरा भाग आतून-बाहेरून याचा. Aseprite च्या `Outline` मध्ये `Outside` आणि `Inside` असे दोन पर्याय असतात. `Outside` निवडलं की प्रत्येक बाजूला एक चौकोन वाढतो. ३२ च्या ग्रिडमध्ये बाहेरची कडा हवी असेल तर आकृती आधीच ३० मध्ये बसवावी लागते.

जाडी एक चौकोन, हे सांगितलं तरी पुरत नाही. तिरकी कडा पायरी-पायरीने उतरते. पायरी कोपऱ्याला कोपरा लावून उतरली तर रेघ एक चौकोन जाड राहते. प्रत्येक पायरीवर कोपऱ्यात एक जादा चौकोन भरला तर ती गुठळ्यांसारखी दिसते. गुठळ्या डोळ्यांनी ओळखता येतात: कडेवर जिथे तीन चौकोन इंग्रजी L अक्षराच्या आकारात जुळतात, तिथला कोपऱ्यातला पुसून बघा. रेघ तुटत नाही, उलट नितळ होते.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: माणसाच्या चेहऱ्याला शुद्ध काळी कडा देऊ नये. काळी कडा कातडीच्या गडद छटेपेक्षा इतकी वेगळी असते की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आजोबांना `#2B1A2B` हा गडद जांभळा दिला आहे. तो काळाच वाटतो, पण सावलीच्या छटेशी त्याचं नातं आहे, आणि चष्म्याची फ्रेमही त्याच रंगात निघाली. उजेड डावीकडून वरून येतो, म्हणून टोपीच्या डाव्या उतारावर कडा गडद न ठेवता करडी केली. उजेडाच्या बाजूला अशी फिकी किंवा तुटक कडा ठेवण्याला पिक्सेल आर्ट काढणारे ‘सिलेक्टिव्ह आउटलाइन’ म्हणतात, थोडक्यात ‘सेलआउट’. मात्र पार्श्वभूमी माहीत नसताना हे करणं धोक्याचं. भाचीच्या गेममधली संवादाची चौकट फिक्या मलईच्या रंगाची आहे. टोपीची कडा पूर्ण काढून टाकली तेव्हा टोपी चौकटीत नाहीशी झाली आणि आजोबांचं कपाळ तेवढं तरंगत राहिलं. करडी कडा ठेवली तेव्हा टोपी टिकली. चेहरा फिक्या, गडद आणि मध्यम अशा तीन पार्श्वभूमींवर ठेवून पाहिल्याशिवाय कडा पक्की करू नये.

हे सगळं ध्यानात घेऊन मैत्रिणीला दुसरी सूचना लिहिली, ती अशी: “चित्र ३२ बाय ३२, कडेसकट त्याच्या आत. बाहेरची कडा एक चौकोन जाड, कोपऱ्यांत जादा चौकोन नको. कडेचा रंग `#2B1A2B`, शुद्ध काळा नको. उजेड डावीकडून वरून. त्या बाजूला पांढऱ्या वस्तूंची कडा `#77738A`, बाकी कडा अखंड. चेहऱ्याच्या आत रेघ फक्त चष्मा, नथ, मंगळसूत्र अशा वस्तूंना. नाक, ओठ, जबडा छटांनी दाखव. पार्श्वभूमी पारदर्शक, पण चित्र मलईच्या रंगाच्या चौकटीत दिसणार आहे. सोबतच्या बारा रंगांबाहेरचा रंग लागला तर आधी विचार.” यानंतर आलेल्या काकू आजोबांच्या शेजारी उभ्या केल्या तर एकाच गावच्या वाटतात. या सूचनेत ‘सुंदर’, ‘रेट्रो’, ‘क्यूट’ असा एकही शब्द नाही, हे लक्षात घ्या. असे शब्द वाचणाऱ्याच्या मनात वेगळंच चित्र उभं करतात. मोजता येणारा शब्द दोघांच्या मनात एकच चित्र उभं करतो.

शेवटची पायरी फाइल बाहेर काढण्याची. इथे झालेली एक चूक आधीची सगळी मेहनत घालवू शकते. चित्र PNG मध्येच साठवा. JPEG जवळजवळच्या चौकोनांचे रंग एकमेकांत मिसळतो आणि पारदर्शकताही ठेवत नाही. मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट, चौपट असं पूर्ण पटीतच करा. दीडपट केलं तर काही चौकोन एक पिक्सेलचे आणि काही दोनचे होतात, आणि आजोबांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो. मोठं करताना GIMP मध्ये `Interpolation` हे `None` ठेवावं लागतं, युनिटीत `Filter Mode` हे `Point (no filter)`, गोडोमध्ये फिल्टर `Nearest`. चेहरा धूसर दिसला तर चित्रात दोष शोधण्याआधी हा पर्याय तपासा. तोच चेहरा कुठे प्रोफाइलला लावणार असाल, तर अनेक ठिकाणी तो वर्तुळात कापला जातो आणि चौकोनाचा साधारण २१ टक्के भाग कोपऱ्यांत जातो, त्यामुळे टोपीचं टोक कोपऱ्याकडे नेऊ नका. आणि मोठ्या केलेल्या प्रती कितीही झाल्या तरी मूळ ३२ बाय ३२ ची फाइल, तिच्या पॅलेटसह, वेगळी जपून ठेवा. पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच फाइलमध्ये करायची असते.